एका सिलिंडरमध्ये किती युनिटं?

वाचकाचं पत्र

"आमच्या घरात महिनाभर एकच वाद चालू आहे. मुलाने इंडक्शन आणलं. यजमान म्हणतात, विजेवर स्वयंपाक म्हणजे पैशाचा चुराडा. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की एका सिलिंडरमध्ये २,३२६ युनिटांची ऊर्जा असते. मुलाच्या हिशेबाने ती जेमतेम १७९ युनिटं भरते. गंमत म्हणजे दोघेही सिलिंडरमध्ये ६४६ मेगाजूल धरतात आणि दोघेही ३.६ हाच आकडा वापरतात. सिलिंडर आम्हाला ८६० रुपयांना पडतो, ३८ दिवस पुरतो. लाइट बिल महिन्याला २३० युनिटांच्या आसपास येतं. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागलं तर युनिट दहा रुपयांना पडतं. कोणाचं खरं धरू आणि स्वयंपाक कशावर करू?"

— नाशिकची एक वाचक

उत्तर

ताई, आकडा तुमच्या मुलाचा बरोबर आहे. पण तुमच्या घरापुरता निष्कर्ष यजमानांचा बरोबर निघतो. एकाचं गणित चुकलं आणि उत्तर जुळलं, दुसऱ्याचं गणित जुळलं पण ते अर्ध्यावर थांबलं. म्हणून तुमचं पत्र मला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. वीज आणि गॅस यांची तुलना करताना बहुतेक घरांत याच दोन ठिकाणी गाडी अडते.

आधी ३.६ चं बघू. लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की मीटर एक युनिट पुढे जातो. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणजे हजार वॉटला सेकंदाला हजार ज्यूल, आणि तासाचे सेकंद ३,६००. दोन्हींचा गुणाकार केला की ३६ लाख ज्यूल. दहा लाख ज्यूलचा एक मेगाजूल, म्हणून एका युनिटात ३.६ मेगाजूल. हा आकडा कोणी प्रयोगशाळेत मोजून काढलेला नाही, तो तासाच्या सेकंदांतून येतो. म्हणून तो गावागणिक, कंपनीगणिक बदलत नाही आणि त्यात अंदाजाला जागा नाही.

गोंधळ होतो तो गुणायचं की भागायचं इथे. त्यासाठी किराणा दुकानातली सवय कामाला येते. एका किलोत चार पाव बसतात. पाच किलो साखरेचे पाव किती, असं विचारलं तर आपण वीस म्हणतो, आणि वीस पावांचे किलो विचारले तर पाच. इथे पाठ केलेला नियम लागत नाही, कारण पाव लहान आणि किलो मोठा हे हातांना माहीत असतं. युनिट आणि मेगाजूल यांचं नातं अगदी तसंच आहे. युनिट मोठं माप, मेगाजूल लहान, आणि एका युनिटात जवळपास चार मेगाजूल बसतात. मोठ्या मापातून लहान मापात गेलं की आकडा फुगतो, लहानातून मोठ्यात आलं की आकडा आटतो. पाच युनिटांचे १८ मेगाजूल होतात. ६४६ मेगाजूलची युनिटं करताना आकडा आटायलाच हवा: ६४६ भागिले ३.६ म्हणजे १७९ आणि थोडं.

यजमानांनी भागायच्या जागी गुणलं. या चुकीची एक खूण आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोघांच्या उत्तरांचा भागाकार करून बघा, २,३२६ भागिले १७९. तो तेराच्या आसपास येईल. जिथे भागायचं तिथे गुणलं की उत्तर ३.६ गुणिले ३.६ इतकं, म्हणजे जवळपास तेरापट चुकतं. उलट बाजूने चुकलं तर तेराव्या भागाएवढं उत्तर येतं. दोन माणसांच्या हिशेबात तेरापटीचा फरक दिसला की बाकी काही तपासायच्या आधी ३.६ कोणी उलटा लावला ते बघावं.

दुसरी कसोटी पाण्याची. तीन लिटर पाणी २० अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापवायला, वाटेत काहीही वाया गेलं नाही असं मानलं तर, अगदी एक मेगाजूल लागतो. तीन लिटरचं पातेलं डोळ्यांसमोर आणलं की मेगाजूल किती मोठा ते कळतं. मग ६४६ मेगाजूलच्या सिलिंडरवर जास्तीत जास्त १,९०० लिटरच्या आसपास पाणी उकळेल, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्याही पूर्ण नाहीत. २,३२६ युनिटं खरी मानली तर तोच सिलिंडर २५ हजार लिटर पाणी उकळेल. दहा हजार लिटरचे अडीच टँकर. घरातला कोणीही माणूस हे ऐकून म्हणेल की एका सिलिंडरमध्ये एवढं होत नाही. यजमानांशी बोलताना भागाकार-गुणाकारावर वाद घालण्यापेक्षा हे टँकरचं चित्र त्यांच्यापुढे ठेवा. ज्याने आयुष्यभर घरचे सिलिंडर आणले आहेत त्याला ते लगेच पटेल, आणि कोणाला कमीपणाही येणार नाही.

आता हे ६४६ कुठून आले ते बघायला हवं, कारण मोबाइलवर शोधणाऱ्याला दुसराच आकडा सापडू शकतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एका किलोची ऊर्जा काही ठिकाणी ४५-४६ मेगाजूल दिलेली दिसते, काही ठिकाणी ४९-५०. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. गॅस जळतो तेव्हा पाणीही तयार होतं. थंड पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं ज्योतीवर ठेवा आणि पहिल्या मिनिटात खाली वाकून बुडाच्या कडेला बघा. तिथे बारीक दव येतं. पातेलं बाहेरून कोरडं पुसून ठेवलं तरी येतं. ते गॅस जळून झालेलं पाणी. पुढच्या क्षणी पातेलं तापतं, दव उडून जातं, आणि नंतरची सगळी वाफ तशीच वर निघून जाते. त्या वाफेतली उष्णता हिशेबात धरली की ४९-५० येतात, सोडून दिली की ४५-४६. स्वयंपाकघरात ती आपल्या हाती लागत नाही, म्हणून तुमच्या घरच्यांनी धरलेला ४५.५ हाच आकडा कामाचा. १४.२ गुणिले ४५.५ म्हणजे ६४६. इथे दोघांचंही बरोबर आहे.

काही जण किलोकॅलरीत लिहितात. त्याला घाबरायचं कारण नाही. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, एवढं पुरे. गॅसच्या एका किलोत साधारण १०,९०० किलोकॅलरी असतात. त्याला ८६० ने भागलं की १२.७ युनिटं, आणि १४.२ किलोची १८० युनिटं. वाट वेगळी, मुक्काम तोच. (तुमच्या सिलिंडरची किंमतही ८६० आहे, पण तो निव्वळ योगायोग. दोन्ही ८६० एकाच कागदावर लिहू नका, हमखास घोळ होतो.)

म्हणजे मुलाचे १७९ पक्के झाले. तो इथेच थांबला असणार: सिलिंडर ८६० रुपयांचा, त्यात १७९ युनिटं, म्हणजे गॅसचं युनिट पावणेपाच रुपयांना. पण यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली गेली आहे. सिलिंडरमधली सगळी ऊर्जा भातात, वरणात, दुधात उतरते, आणि मीटरवर मोजलेली सगळी वीजही तशीच उतरते. दोन्ही खरं नाही, आणि दोन्हीकडची गळती सारखीही नाही.

सकाळी चहा करताना ज्योतीकडे नीट बघा. दोन कपांचं लहान पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवलं की निळी ज्योत बुडाबाहेर येऊन कडांनी वर चढते. पातेल्याचा कान इतका तापतो की सांडशी लागते. ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला मनगटापाशी झळ लागते. ती झळ विकत घेतलेल्या गॅसची आहे, चहात मात्र ती गेलेली नाही. गॅसशेगडीच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणीत किमान ६८ टक्के उष्णता भांड्यात उतरावी लागते. पण चाचणी रुंद भांड्यावर, स्वच्छ बर्नरवर, ठरलेल्या पद्धतीने होते. घरात लहान पातेली, उतू गेलेल्या दुधाने बुजलेली भोकं आणि खिडकीचा वारा असतो. म्हणून मी घरगुती वापराला ६० टक्के धरते. ज्योत पिवळी दिसत असेल आणि भांड्याची बुडं काळी होत असतील, तर ५० धरा आणि बर्नर साफ करून घ्या.

इंडक्शनमध्ये आधी ज्योत तापून मग भांडं तापत नाही. खालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड स्वतः तापतं. कडेने निसटायला फारसं काही उरत नाही. तिथे ८५ टक्के धरणं रास्त आहे. पण हे फक्त इंडक्शनला. लाल होणाऱ्या कॉइलच्या शेगडीला ८५ लावू नका, तिची बरीच उष्णता बाजूला जाते.

आता तुमचा सिलिंडर घेऊ. ६४६ मेगाजूलपैकी ६० टक्के, म्हणजे साधारण ३८८ मेगाजूल भांड्यात उतरतात. त्याला ३.६ ने भागलं की १०८ युनिटं. एवढीच उष्णता इंडक्शनवर भांड्यात उतरवायची तर मीटरवर थोडी जास्त युनिटं लागतील, कारण तिथेही १५ टक्के वाया जातात. म्हणून १०८ भागिले ०.८५, म्हणजे १२७. तुमच्या वादात खरा कामाचा आकडा हा आहे. सिलिंडरमध्ये युनिटं १७९ असली, तरी एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर १२७ युनिटांत होतो.

इथे पुन्हा एक ठेच लागण्याची जागा आहे. गॅसकडे ०.६० ने गुणायचं आणि विजेकडे ०.८५ ने भागायचं. गॅसच्या बाजूला आपण विचारतो की विकत घेतलेल्यातलं किती हाती लागलं, म्हणून आकडा कमी होतो. विजेच्या बाजूला विचारतो की एवढं हाती लागायला किती विकत घ्यावं लागेल, म्हणून आकडा वाढतो. शेवटी १७९ पेक्षा मोठा आकडा आला तर कुठेतरी उलटं झालं आहे असं समजा, कारण इंडक्शन गॅसपेक्षा कमी गळतं आणि त्याला कमीच ऊर्जा लागायला हवी.

८६० रुपये भागिले १२७ म्हणजे पावणेसात रुपयांच्या किंचित वर. हा तुमचा उंबरठा. विजेचं युनिट यापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडेल, महाग पडत असेल तर गॅस. माझ्या ६० टक्क्यांवर कोणी आक्षेप घेतला तर तोही तपासून बघा. शेगडी मानकाइतकी, ६८ टक्के चांगली असली तर उंबरठा सहा रुपयांवर येतो. पार काजळलेली, ५० टक्क्यांची असली तर सव्वाआठच्या जवळ जातो. म्हणजे युनिटचा दर सहाच्या खाली किंवा सव्वाआठच्या वर असेल तर टक्क्यांवरून भांडायची गरजच उरत नाही. मधे असेल तरच बारकाईने मोजायचं.

तुम्ही दर दहा रुपये काढला आहे, आणि तेवढ्यानेही गॅसच जिंकतो. पण दहा हा आकडा मला वापरायचा नाही. तुम्ही पूर्ण बिलाला २३० ने भागलं. त्या बिलात स्थिर आकार आहे. तो इंडक्शन लावा न लावा, तेवढाच येणार. शिवाय पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दरही त्या सरासरीत मिसळला आहे, आणि ती शंभर युनिटं तुमचे दिवे, पंखे, फ्रीज आधीच वापरून बसले आहेत. इंडक्शनच्या वाट्याला येतात ती वरची युनिटं. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे शून्य ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. टप्पा वर गेला की दर चढतो. तेव्हा बिलाची मागची बाजू काढा, १०१ ते ३०० च्या ओळीतला वीज आकार घ्या, त्यात प्रतियुनिट वहन आकार आणि त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार मिळवा, आणि येईल त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. एक जादा युनिट तुम्हाला खरोखर कितीला पडतं ते असं कळतं. उदाहरणापुरते आपण ते १२ रुपये धरू. तुमचा आकडा तुमच्या बिलातून भरा.

सिलिंडर ३८ दिवस पुरतो आणि त्याची १२७ युनिटं होतात, म्हणजे महिन्याच्या तीस दिवसांना बरोबर १०० युनिटं. १२ रुपयांनी १,२०० रुपये. गॅसचा महिन्याचा खर्च, ८६० ला ३८ ने भागून ३० ने गुणला की, ६७९ रुपये. आणि अजून एक गोष्ट तुमच्या पत्रातच दडली आहे. सध्या २३० युनिटं, त्यात १०० मिळवली की ३३०. तुम्ही ३०० ची रेघ ओलांडता. शेवटची तीस युनिटं बारा रुपयांनाही मिळणार नाहीत, पुढच्या टप्प्याच्या दराने पडतील. तेव्हा सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर आजच्या भावाने दरमहा पाचशेहून जास्त रुपये वर जातील. रोजचा स्वयंपाक गॅसवरच ठेवा. यजमानांना त्यांची शंका रास्त होती हे सांगा, आणि ती २,३२६ मुळे नाही, टप्प्यांमुळे रास्त होती हेही सांगा.

इंडक्शन परत करायला मात्र मी सांगणार नाही. तुमच्या हातात ३०० पर्यंत सत्तर युनिटांची जागा आहे. सिलिंडर मधेच संपला, उन्हाळ्यात ओट्यापाशी उभं राहवेना, घरात कोणी दमेकरी असला, तर पैशाच्या पलीकडची कारणं असतात, आणि ती पूर्णपणे खरी कारणं आहेत. रोज अर्धं युनिट वापरलं तर महिन्याला पंधरा युनिटं, १२ च्या दराने १८० रुपये. त्यात वाचलेला गॅसही आहेच. रोजच्या अर्ध्या युनिटात नुकसान साधारण अडीच रुपयांचं. एवढं मोजून माहीत असलं की घरात त्यावर वाद होत नाही.

हे उत्तर सगळ्यांना लावू नका. नुकतीच मला एका मुलीने हाच प्रश्न विचारला होता. ती शहरात एकटी राहते, तिचं बिल महिन्याला ५० युनिटांचं आणि सिलिंडर तीन महिने पुरतो. तिचा हिशेब उलटा निघाला. १२७ भागिले तीन, म्हणजे महिन्याला ४२ युनिटं; ५० मध्ये ती मिळवली तरी ९२, म्हणजे ती शंभराच्या आतच राहते. त्या टप्प्यात तिला जादा युनिट सगळं धरून सहा रुपयांना पडत होतं. ४२ युनिटांचे २५२ रुपये, गॅसचे महिन्याला २८७. तिला इंडक्शन थोडं स्वस्त पडतं. सिलिंडर तोच, ३.६ तेच, फक्त युनिटं कोणत्या टप्प्यात पडतात ते वेगळं. छतावर सौर पॅनेल असलेल्यांनीही आपली वरची युनिटं कितीची आहेत ते आधी बघावं. शिल्लक वीज उरत असेल तर त्यांना उंबरठ्याच्या खाली राहणं सोपं असतं.

पाइपगॅस वापरणाऱ्यांच्या बिलात किलो नसतात, घनमीटर असतात. नैसर्गिक गॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३५ ते ३६ मेगाजूल येतात, म्हणजे जवळजवळ १० युनिटं. हिशेबाला फार सोयीचा आकडा. ६० टक्के हाती लागले तर सहा, आणि ते इंडक्शनवर मिळवायला सात युनिटं. तेव्हा घनमीटरच्या दराला सातने भागा आणि आलेला आकडा तुमच्या वरच्या युनिटाच्या दराशी ताडून बघा.

मुलगा कदाचित म्हणेल की वीज स्वच्छ आहे, कमी ऊर्जा लागते, म्हणून इंडक्शन. त्याला एवढंच सांगा की ३.६ हा आकडा तुमच्या मीटरपासून पुढे खरा आहे. मीटरच्या मागे, चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात, कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते. तुमच्या एका युनिटामागे तिथे दहाएक मेगाजूलचा कोळसा जळतो. वीज पाण्यापासून किंवा उन्हापासून आली असेल तर हे लागू नाही. पण कमी ऊर्जा लागते हे वाक्य कोणत्या जागी उभं राहून म्हणतो आहोत, ते ठरवूनच म्हणावं.

शेवटी, माझ्या ६० आणि ८५ वर विश्वास ठेवायची सक्ती नाही. घरी मोजता येतं, आणि मोजताना ३.६ लागतही नाही. मी मागच्या हिवाळ्यात मोजलं होतं. सोमवारी सकाळी रेग्युलेटर बंद करून काढला, सिलिंडर उभाच ठेवून वजनकाट्यावर चढवला: २२.६ किलो. आठवडाभर सगळं गॅसवर केलं. पुढच्या सोमवारी २०.१. अडीच किलो गॅस गेला. दुसऱ्या आठवड्यात तोच स्वयंपाक, तीच माणसं, शक्यतो तीच भाजी-आमटी, पण सगळं इंडक्शनवर, आणि प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर लावून. आठवड्याची २३ युनिटं झाली. २३ भागिले अडीच म्हणजे किलोमागे ९.२ युनिटं, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरची १३१. कागदावरच्या १२७ च्या शेजारी हा आकडा बसला तेव्हा मला फार समाधान वाटलं.

हे करताना तीन गोष्टी सांभाळा. घरच्या मुख्य मीटरच्या रीडिंगवर विसंबू नका, फ्रीज आणि गिझर आठवड्यागणिक बदलतात आणि इंडक्शनचा आकडा त्यात हरवतो. प्लगमधला मीटर घेताना तो १६ अँपिअरचा आहे ना ते बघा, दोन हजार वॉटचं इंडक्शन लहान प्लगला जड जातं. आणि इंडक्शनवर २,००० वॉट लिहिलं म्हणून ते सतत तेवढंच घेतं असं धरू नका. उकळी आली की आपण ते ८०० वर आणतो. १,२०० वॉटवर वीस मिनिटं म्हणजे ०.४ युनिट, २,००० वर तासभर म्हणजे दोन. वॉट हा वेग आहे, युनिट हे कापलेलं अंतर. बिल अंतराचं येतं.

भाकरीचं वेगळं. ती इंडक्शनच्या तव्यावर भाजली तरी फुलवायला ज्योत लागते, तेव्हा दोन्ही आठवड्यांत पोळ्या-भाकऱ्या गॅसवरच करा आणि हिशेबातून बाहेर ठेवा. फक्त मग सिलिंडरचं वजन इंडक्शनच्या आठवड्यातही करावं लागेल, म्हणजे भाकऱ्यांचा गॅस पहिल्या आठवड्यातून वजा करता येईल. वजनाचं काम यजमानांकडे द्या, मीटरचं मुलाकडे. दोघांचे आकडे एकाच वहीत लिहा आणि पुढच्या बिलावर नवा दर छापून आला की फक्त ८६० आणि १२ च्या जागी नवे आकडे घाला.